‘मंजूर’ एवढंच उत्तर पुरावं

नाना जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांची पुतणी एका नागरी सहकारी बँकेच्या तालुक्याच्या शाखेत शाखाधिकारी आहे. नानांनी रजेचे अर्ज कागदावर तपासले, पुतणी ते फोनवर वाचते, तेही बहुतेक वेळा समोर खातेदार बसलेला असताना. रजेचा अर्ज कसा लिहावा यावर दोघांचं एकमत होणं अवघडच. तिच्या रोखपालाने पाठवलेला एक मेल वादाला निमित्त झाला. वाद शेवटपर्यंत दोनच गोष्टींवर राहिला : मेलचा विषय आणि त्याचं पहिलं वाक्य. मेल मराठीतला आहे आणि तारखा २०२६ च्या डिसेंबरातल्या. मेल असा होता :

विषय : रजेचा अर्ज

आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. आपण कुशल असाल अशी आशा आहे. वरील विषयास अनुसरून आपणास विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, मी आपल्या शाखेत रोखपाल या पदावर कार्यरत असून, माझ्या घरी कौटुंबिक कार्यक्रम असल्याकारणाने मला दि. ९ पासून काही दिवस रजेची नितांत आवश्यकता आहे. तरी कृपया सहकार्य करावे.

नाना : यात वावगं काय आहे? मायना आहे, विनंती आहे, कारण आहे. पोराला वळण आहे. हल्ली ‘उद्या येत नाही’ एवढा मेसेज टाकून मोकळे होतात लोक.

पुतणी : वळण आहे, पण मला यावर काही करताच येत नाही. नाना, तुम्ही समजा याच्यावर ‘मंजूर’ असा शेरा मारलात. काय मंजूर केलंत?

नाना : रजा.

पुतणी : किती दिवस? कुठली? परत कधी येणार? ‘९ पासून काही दिवस’ हे मी मंजूर केलं तर त्याने सोमवारी यायचं की गुरुवारी? मला आता त्यालाच उलट विचारावं लागणार. तो जेवून आल्यावर उत्तर देणार. त्यात पुन्हा ‘पुढच्या सोमवारपर्यंत’ असं लिहिणार, म्हणजे सोमवारी येणार की सोमवार धरून रजा, हा तिसरा मेल. माझी कसोटी साधी आहे. वरिष्ठाने फक्त ‘मंजूर’ एवढं एका शब्दात उत्तर दिलं, तर दुसरा प्रश्न उरता कामा नये.

नाना : कसोटी चांगली आहे. पण त्यासाठी विषयाला आणि पहिल्या वाक्यालाच का धरतेस? तारखा खाली लिहिल्या तरी चालतंय की. साहेबाने अर्ज पूर्ण वाचायचा असतो.

पुतणी : हा माझा फोन बघा. मेलची यादी. आधी पाठवणाऱ्याचं नाव, त्याखाली विषय, त्याखाली मजकुराची सुरुवात, तीही एखादी ओळ. मेल उघडण्याआधी मला एवढंच दिसतं. या मेलचं काय दिसतंय वाचा.

नाना : ‘रजेचा अर्ज. आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. आपण कुशल असाल अशी...’ आणि पुढे टिंबं.

पुतणी : टिंबांच्या पलीकडे त्याचं काम आहे. विषयाची ओळसुद्धा फोनवर साधारण तीस-चाळीस अक्षरांनंतर तुटते. तेवढ्या जागेत जे आलं ते मी लगेच वाचते, बाकीचं संध्याकाळी रोख जुळल्यावर.

नाना : विषयाचं महत्त्व तू मला सांगू नकोस. आमच्याकडे आवक बारनिशीत अर्ज चढायचा तो विषयाच्या रकान्यातूनच. आवक लिपिक काही अख्खा अर्ज वाचत बसायचा नाही. विषय मोघम असला की कागद भलत्याच टेबलावर जायचा आणि आठवडाभर तिथेच पडायचा. म्हणून आम्ही विषय सविस्तर लिहायला लावायचो : ‘दिनांक अमुक ते अमुक या कालावधीतील अर्जित रजा मंजूर करणेबाबत, तसेच रजेच्या मागील व पुढील सार्वजनिक सुट्ट्या जोडून घेण्यास व मुख्यालय सोडण्यास परवानगी मिळणेबाबत.’

पुतणी : यात सगळं आलं, हे खरं. पण फोनवर ‘दिनांक अमुक ते अमुक या कालावधी’ इथेच ओळ संपेल. रजा की दौरा, तेही कळणार नाही. मजकूर तुमचाच ठेवू, क्रम बदलू. पहिला शब्द ‘रजा’. लगेच तारखा. मग दिवस. बाकीचं विषयात नकोच.

नाना : लिहून दाखव.

पुतणी : ‘रजा विनंती : ९ ते ११ डिसेंबर (३ दिवस)’.

नाना : हं. नाव नाही?

पुतणी : नाव पाठवणाऱ्याच्या जागी दिसतंच. ‘मी आपल्या शाखेत रोखपाल या पदावर कार्यरत असून’ हेही त्याचमुळे नको. आमच्या शाखेत रोखपाल एकच आहे, मला तो रोज दिसतो.

नाना : तुला दिसतो गं. पण मेलची प्रत तुमच्या मुख्य कार्यालयातल्या आस्थापना विभागालाही जात असेल ना? तिथे प्रत्येक शाखेचा रोखपाल आहे. आणि पोराने घरच्या मेलवरून पाठवला, त्यावर नावाऐवजी कसलं तरी टोपणनाव असलं, तर तिथला माणूस कोणाच्या खात्यातून रजा वजा करणार?

पुतणी : हे बरोबर. प्रत बाहेर जाणार असेल तर विषयाच्या शेवटी आडनाव आणि शाखा घालावी. शेवटीच, म्हणजे ओळ तुटली तरी तारखा वाचतात. आणि मजकुराच्या खाली पूर्ण नाव, हुद्दा, कर्मचारी क्रमांक.

नाना : आता ‘विनंती’ हा शब्द तू ठेवलास, ते मला आवडलं. मी म्हटलं, तू तोही काढशील.

पुतणी : नाही काढणार, पण नम्रतेसाठी म्हणून ठेवलेला नाही. ‘विनंती’ दिसलं की मला कळतं, यावर मी निर्णय द्यायचाय. मंजूर झालेल्या रजेची आठवण असेल तर ‘आठवण’ लिहावं, आजारी पडला असेल तर ‘आज रजा’. वरिष्ठाने काय करायचंय, ते एका शब्दात कळतं. काही जण ‘९ ते ११ मी रजेवर आहे’ असाच मेल टाकतात. तो मला कळवतोय की विचारतोय?

नाना : कळवतोयच! अगं, महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम १९८१ चे आहेत. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. तुमच्या बँकेला ते नियम लागू नसतील, पण बहुतेक संस्थांच्या सेवानियमांत असंच काहीसं असतं. शिल्लक रजा माणसाची, पण ती कधी घ्यायची हे कामाकडे बघून ठरतं. तिकिटं काढून झाल्यावर ‘मी रजेवर आहे’ म्हणणाऱ्याला मी मुद्दाम भेटायला बोलवायचो.

पुतणी : आणि ‘तातडीचे’?

नाना : काय तातडीचे?

पुतणी : विषयाच्या सुरुवातीला लोक ‘तातडीचे’, ‘अत्यंत महत्त्वाचे’ लिहितात. एकाने तर पुढे चार उद्गारचिन्हं दिली होती.

नाना : आमच्याकडे फायलींना ‘तात्काळ’ची चिठ्ठी लावायचे. शेवटी सगळ्याच फायलींना चिठ्ठ्या लागल्या, तेव्हा कुठलीच तातडीची राहिली नाही. तारीख उद्याची असेल तर तारीखच तातडी सांगते.

पुतणी : झालं, विषयावर एकमत. आता पहिलं वाक्य.

नाना : इथे मी ऐकणार नाही. मायना आणि नमस्कार हवाच. आल्या आल्या ‘मला रजा द्या’ म्हणणं म्हणजे उंबऱ्यातून हात पुढे करणं.

पुतणी : नमस्कार असू दे. ‘मॅडम, नमस्कार.’ दोन शब्द. पण कुशल असाल, वरील विषयास अनुसरून, विनंतीपूर्वक कळविण्यात येते की... यात पंधराएक शब्द जातात आणि एकही तारीख नाही. शिवाय मी कुशल आहे की नाही, हे त्याला रोज सकाळी दहाला दिसतंच.

नाना : बरं, नमस्कारानंतर काय?

पुतणी : त्याला पाहिजे ते पूर्ण, एका दमात. ‘बुधवार ९ ते शुक्रवार ११ डिसेंबर, दोन्ही दिवस धरून, तीन दिवसांची अर्जित रजा मिळावी ही विनंती, दुसरा शनिवार आणि रविवार जोडून सोमवार १४ तारखेला कामावर हजर होईन.’

नाना : वार कशाला? तारखा आहेत ना.

पुतणी : तारीख चुकली तर वार ती पकडून देतो. ‘बुधवार १०’ असं कोणी लिहिलं की कालनिर्णय न बघताही कळतं, कुठेतरी गडबड आहे. नुसतं ‘१० ते १२’ लिहिलं तर मी तेच मंजूर करीन आणि हा नवाला गायब. आणि महिना अक्षरात लिहावा. ९/१२ असं लिहिलं, की परदेशी कंपनीत काम करणाऱ्या पोरांची पंचाईत होते. आपल्याकडे तो ९ डिसेंबर, अमेरिकेतल्या साहेबाला तो १२ सप्टेंबर.

नाना : ‘दोन्ही दिवस धरून’ हे मात्र आमच्या काळचं आहे बरं का. ते तू घेतलंस म्हणजे आमचं सगळंच काही टाकाऊ नव्हतं.

पुतणी : तेच तर म्हणते. तुमच्या आस्थापनेची भाषा लांबलचक होती, पण हिशेब पक्का होता. हल्लीच्या मेलात भाषा सुटसुटीत झाली आणि हिशेबही गेला.

नाना : मग आता हिशेबाचंच एक विचारतो. तू विषयात ‘३ दिवस’ लिहिलंस. समजा, घरच्या कार्यक्रमाच्या धावपळीत पोराला सोमवारीही यायला जमलं नाही. त्याने मेल केला, ‘रजा एक दिवस वाढवावी’. आता एकूण रजा किती?

पुतणी : तीन अधिक एक, चार.

नाना : फसलीस! अर्जित रजेच्या मागेपुढे येणाऱ्या सुट्ट्या जोडून घेता येतात, त्या रजेत धरत नाहीत. पण रजेच्या मध्ये सापडलेल्या सुट्ट्या रजेतच धरतात, असा आमचा नियम. सोमवार रजेत गेला की शनिवार-रविवार शेवटी राहत नाहीत, मध्ये येतात. ९ पासून १४ पर्यंत मोज. सहा दिवस. एक दिवस मागितला आणि खात्यातून तीन गेले.

पुतणी : आमच्या सेवानियमांत अर्जित रजेचं असंच आहे, किरकोळ रजेचं वेगळं. हे मी त्या पोराच्या बाजूने पाहिलंच नव्हतं. म्हणजे ‘एक दिवस वाढवावी’ असा विषय घातला, तर मी एक दिवस समजून मंजूर करणार, आस्थापना तीन वजा करणार आणि भांडण माझ्या टेबलावर येणार.

नाना : म्हणून दिवसांच्या आकड्यावर विसंबू नये, तारखा मुख्य. वाढीच्या मेलचा विषय काय देशील?

पुतणी : ‘रजावाढ विनंती : १४ डिसेंबरपर्यंत (मूळ ९ ते ११)’. आणि पहिलं वाक्य : ‘९ ते ११ डिसेंबरची मंजूर रजा सोमवार १४ डिसेंबरपर्यंत वाढवून मिळावी ही विनंती, मधले शनिवार-रविवार धरून ती सहा दिवसांची होते, याची मला कल्पना आहे, मंगळवार १५ तारखेला हजर होईन.’

नाना : वा! ‘याची मला कल्पना आहे’ हे फार कामाचं. पुढे तक्रारीला जागा राहत नाही.

पुतणी : एक राहिलं. कारण. याने ‘कौटुंबिक कार्यक्रम’ लिहिलंय, आहे धाकट्या बहिणीचं लग्न. काही जण विषयातच लिहितात, ‘बहिणीच्या लग्नासाठी रजा’.

नाना : कारण हवंच. कारणाशिवाय अर्ज म्हणजे मिठाशिवाय भाजी.

पुतणी : मजकुरात हवं, एका ओळीत. विषयात नको, आणि आजारपणात तर मुळीच नको. आमच्या शाखेत एकाने विषयात आपल्या शस्त्रक्रियेचं नाव लिहिलं होतं. पुढच्या मिनिटाला माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात ती ओळ झळकली आणि समोर कर्जाच्या कागदांवर सह्या करणारे तिघे जण ती वाचत होते. अशा वेळी विषयात ‘वैद्यकीय रजा’ एवढंच बस्स.

नाना : आणि ऐन वेळची रजा? रात्रीतून ताप चढला. तेव्हा कुठे आला एवढा विचार?

पुतणी : तेव्हाच पहिलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. हा रोखपाल आहे, हे लक्षात घ्या. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक त्याच्याकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघांच्या किल्ल्या लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. याने नुसतं ‘तब्येत बरी नसल्यामुळे आज येऊ शकत नाही’ असं लिहिलं आणि फोन बंद करून झोपला, तर दहा वाजता दारात खातेदार उभे आणि आत रोकड अडकलेली.

नाना : मग किल्ली भावाच्या हाती पाठवून द्यायची.

पुतणी : अजिबात नाही! किल्ली बाहेरच्या माणसाच्या हाती देता येत नाही. देवाणघेवाणीची किल्ली-नोंदवहीत नोंद होते, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही होते. म्हणून त्याने आधी मला फोन करायचा, मेल नोंदीसाठी. विषय : ‘आज रजा (वैद्यकीय) : गुरुवार ३ डिसेंबर’. पहिलं वाक्य : ‘मॅडम, रात्रीपासून ताप असल्यामुळे आज कामावर येता येणार नाही, तिजोरीची किल्ली माझ्याकडे घरी आहे, ती ताब्यात घ्यायला कोणाला पाठवता ते कळवावं.’ डॉक्टरांचं काय झालं, उद्या येणार का, हे पुढच्या ओळीत.

नाना : म्हणजे पहिल्या वाक्यात मागणी, आणि त्याच्या गैरहजेरीत जे अडणार आहे तेही.

पुतणी : ऐन वेळच्या रजेत, हो. आधी ठरवलेल्या रजेत ते दुसऱ्या वाक्यात चालतं, कारण तोडगा काढायला वेळ असतो. पण ते असलंच पाहिजे. मंजुरी अडते ती बहुधा रजेपायी नसते, मागे काउंटर कोण बघणार यापायी असते. कारखान्यात शिफ्ट असेल, शाळेत तास असेल, आमच्याकडे किल्ली. प्रत्येकाला आपलं काय अडणार हे माहीत असतं, फक्त ते लिहायचं राहतं.

नाना : आण तो फोन. आता पूर्ण मेल मी सांगतो, तू लिही. ‘विषय : रजा विनंती : ९ ते ११ डिसेंबर (३ दिवस)’. खाली : ‘मॅडम, नमस्कार. बुधवार ९ ते शुक्रवार ११ डिसेंबर, दोन्ही दिवस धरून, तीन दिवसांची अर्जित रजा मिळावी ही विनंती, दुसरा शनिवार आणि रविवार जोडून सोमवार १४ तारखेला कामावर हजर होईन. तिजोरीची किल्ली मंगळवारी ८ तारखेला रोख जुळल्यावर आपण नेमाल त्या सहकाऱ्याच्या ताब्यात नोंद करून देईन. धाकट्या बहिणीचं लग्न कोल्हापूरला आहे.’ खाली नाव, हुद्दा, कर्मचारी क्रमांक. आणि शेवटी, ‘आपला विश्वासू’.

पुतणी : ‘आपला विश्वासू’ राहू दे. ते शेवटी आहे, त्याने कोणाचं काही अडत नाही.

नाना : आता यावर तू काय लिहिणार?

पुतणी : ‘मंजूर’. आणि किल्ली कोणाकडे द्यायची, ते नाव. माझ्या उत्तरावर त्याचाच विषय राहतो, पुढे फक्त उत्तराची खूण लागते. वर्षअखेरीला रजेचा तक्ता जुळवताना ‘रजा विनंती’ आणि ‘डिसेंबर’ टाकून शोधलं की तारखांसकट मंजुरी समोर येते. आत्ता माझ्याकडे ‘रजेचा अर्ज’ याच विषयाचे ढीगभर मेल पडलेत, आणि त्यातला कुठला कोणत्या महिन्याचा, हे एकेक उघडल्याशिवाय कळत नाही. शिवाय ‘रजा’ शोधलं तर ‘रजेचा’ सापडेलच असं नाही.

नाना : म्हणजे मेलचा विषय हीच तुमची बारनिशी.

पुतणी : हो, आणि ती तुमच्या आवक लिपिकाने भरायची नाही, अर्जदाराने स्वतःच भरायची.

मेल पाठवण्याआधी वाचकांनी एवढंच करावं : आपलाच विषय आणि पहिलं वाक्य, एवढंच, वरिष्ठाच्या नजरेने वाचावं आणि मनात ‘मंजूर’ म्हणून बघावं. कुठली रजा, कधीपासून कधीपर्यंत, हजर कधी, यातला एकही प्रश्न शिल्लक राहिला, तर तो मेल अजून पाठवण्याजोगा झालेला नाही.